३६ टक्के की १ टक्का? स्टॅटिनचा फायदा आपल्या माणसापुरता कसा मोजायचा

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, अटॅक वगैरे कधी आला नाही, शुगर नाही. डॉक्टरांनी आता कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १०, चालू केलीय. एका ठिकाणी वाचलं की या गोळीने अटॅकचा धोका ३६ टक्के कमी होतो, आणि काकांनी ग्रुपवर पाठवलं की खरा फायदा फक्त १ टक्का आहे, १०० जणांनी घेतली तर ९९ जणांना काहीच उपयोग नाही. खरं काय समजायचं? बाबा आता गोळी बंद करायची म्हणतायत.

उत्तर:

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि गंमत नाही सांगत, दोन्ही एकाच ट्रायलमधले आहेत. त्यामुळे आधी तीच ट्रायल नीट उघडून बघू, मग बाबांचा हिशोब करू. गोळी बंद करायचा निर्णय तेवढा हे वाचून होईपर्यंत थांबवा.

ट्रायलचं नाव अ‍ॅस्कॉट. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन-डेन्मार्ककडच्या देशांत झाली, निकाल २००३ मध्ये आला. यात घेतलेले लोक बऱ्यापैकी तुमच्या बाबांसारखे होते, म्हणजे बीपी आहे, कोलेस्टेरॉल फार चढलेलं नाही, आधी अटॅक आलेला नाही, पण वय, सिगरेट, घरातली हिस्टरी अशा आणखी निदान तीन गोष्टी धोका वाढवणाऱ्या आहेत. साधारण दहा हजार लोक, त्यांतल्या ५१६८ जणांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० आणि ५१३७ जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, जिला आपण प्लासिबो म्हणतो. बीपीचं औषध मात्र दोन्हीकडे चालू होतं, हे लक्षात ठेवा. ३.३ वर्षांनी मोजलं तेव्हा अटॅक आलेले किंवा हृदयविकाराने गेलेले लोक प्लासिबोवाल्यांत १५४ आणि गोळीवाल्यांत १०० होते.

आता हेच हजार-हजार माणसांवर आणू, कारण टक्क्यांत डोकं गरगरतं पण माणसं मोजायला सोपी जातात. गोळी न घेणाऱ्या हजारांतल्या ३० जणांना त्रास झाला आणि घेणाऱ्या हजारांतल्या १९ जणांना झाला. म्हणजे ११ जण वाचले. हे ११ त्या ३० च्या तुलनेत किती, तर ३६ टक्के. हे झालं रिलेटिव्ह रिस्क रिडक्शन, म्हणजे जो धोका होता त्यातला किती हिस्सा कापला गेला. आणि तेच ११ सगळ्या हजारांच्या तुलनेत किती, तर १.१ टक्का. हे झालं अ‍ॅब्सोल्यूट रिस्क रिडक्शन. माणसं तीच आहेत, अटॅक तेच आहेत, फक्त भागाकार कशाने केला ते बदललं.

अमेरिकेत याच गोळीच्या ब्रँडची, लिपिटॉरची, जाहिरात पेपरात यायची. त्यात मोठ्या अक्षरात ३६ टक्के आणि पुढे एक छोटी चांदणी असायची. चांदणीचा अर्थ खाली बारीक अक्षरात लिहिलेला की प्लासिबो घेणाऱ्या ३ टक्के लोकांना अटॅक आला आणि गोळी घेणाऱ्या २ टक्के लोकांना आला. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. पण वाचणाऱ्याला वाटतं की मला अटॅक येण्याची शक्यता आता ३६ टक्क्यांनी खाली आली, आणि तसं ते नाही, ३ वरून २ वर आलीय. तुमच्या काकांचा मेसेज या जाहिरातीची उलटी बाजू आहे, आणि तोही अर्धवटच वाचला गेलाय.

आता ते "१०० पैकी ९९ जणांना उपयोग नाही" हे कुठून आलं ते बघू. एक अटॅक टळायला किती जणांनी गोळी घ्यावी लागते, या आकड्याला नंबर नीडेड टू ट्रीट म्हणतात, डॉक्टर लोक आपापसात एनएनटी म्हणतात. काढायला सोपा आहे, १०० ला अ‍ॅब्सोल्यूट फरकाने भागायचं. अ‍ॅस्कॉटमध्ये तो साधारण ९४ येतो. म्हणजे अशा ९४ जणांनी सव्वातीन वर्षं रोज गोळी घेतली तर त्यांच्यातला एक अटॅक टळतो. इथपर्यंत बरोबर.

पण बाकीच्या ९३ जणांचं काय झालं हे विचारल्याशिवाय हा आकडा कळतच नाही. परत हजार माणसं घ्या. त्यातल्या ९७० जणांना त्या सव्वातीन वर्षांत अटॅक येणारच नव्हता, गोळी घेतली काय न घेतली काय. १९ जणांना गोळी घेऊनही आला. आणि ११ जणांना येणार होता तो आला नाही. गोळी "फेल" गेली असं म्हणायचं झालं तर ते १९ जणांबाबत म्हणता येईल, ९७० जणांबाबत नाही, कारण त्यांच्यात टाळण्यासारखं त्या काळात काही नव्हतंच. आणि मुख्य अडचण अशी की सुरुवातीला हजार माणसं समोर उभी असताना कोण ९७० मधला आणि कोण त्या ३० मधला हे ओळखायची सोय नाही. ओळखता आलं असतं तर तीसच जणांना गोळी दिली असती.

यात अजून एक गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही. एनएनटी ऐकलं की असं वाटतं की फायदा एका माणसाला पूर्ण मिळाला आणि ९३ जणांना शून्य. खरं तर रक्तवाहिनीतला चरबीचा थर हळूहळू वाढतो आणि गोळी त्याचा वेग कमी करते, थर जरा घट्ट करते, आणि हे सगळ्यांच्याच शरीरात थोडंथोडं होत असतं. समजा एखाद्याला ६१ व्या वर्षी अटॅक येणार होता तो ६६ व्या वर्षापर्यंत पुढे ढकलला गेला. ट्रायल ६२ व्या वर्षी संपली तर त्याची नोंद "टळला" अशी होणार. दुसऱ्या एकाला पहिल्याच वर्षी येणार होता तो तिसऱ्या वर्षी आला, तर तो त्या १९ मध्ये मोजला जाणार, जणू गोळीने त्याला काहीच दिलं नाही. ट्रायल फक्त ठरलेल्या दिवसापर्यंत कोणाला अटॅक आला आणि कोणाला नाही एवढंच मोजते. त्यामुळे "एकाला सगळं, बाकीच्यांना काहीच नाही" हे एनएनटी सिद्ध करत नाही, तो फक्त गटाचा हिशोब आहे. बाबांपुरतं प्रामाणिकपणे वाचायचं तर एवढंच, की ते या गटासारखे असतील तर सव्वातीन वर्षांतला त्यांचा धोका ३ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास येतो.

आता इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. ९४ हा गोळीचा आकडा नाही. तो त्या लोकांचा, त्या सव्वातीन वर्षांचा, आणि जे मोजलं त्या त्रासाचा आकडा आहे. यातलं काहीही बदललं की एनएनटी बदलतो.

माणसं बदलून बघू. १९९४ मध्ये फोर-एस नावाची ट्रायल आली, स्कँडिनेव्हियातली, तिच्यात सगळे आधी अटॅक येऊन गेलेले किंवा छातीत दुखणारे म्हणजे अंजायनावाले पेशंट होते, औषध सिमव्हास्टॅटिन. पाच-साडेपाच वर्षांत प्लासिबोवाल्यांतले ११.५ टक्के लोक वारले आणि गोळीवाल्यांतले ८.२ टक्के. रिलेटिव्ह फरक ३० टक्के, म्हणजे अ‍ॅस्कॉटमधल्या ३६ च्या आसपासच. पण अ‍ॅब्सोल्यूट फरक ३.३ टक्के, म्हणजे एनएनटी ३०, आणि तोही मृत्यू टाळण्यासाठीचा, नुसता अटॅक टाळण्यासाठीचा नाही. अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून मोजले तर तो १२ च्या आसपास येतो. त्याच्या पुढच्या वर्षी, १९९५ ला, स्कॉटलंडमधली ट्रायल आली, अटॅक न आलेले पण कोलेस्टेरॉल सरासरी २७० च्या वर असलेले मध्यमवयीन पुरुष, प्रॅव्हास्टॅटिन, पाच वर्षं. तिथे ७.९ टक्क्यांवरून ५.५ टक्के झाले, रिलेटिव्ह ३१ टक्के, एनएनटी ४२.

बघा, रिलेटिव्ह आकडा ३०, ३१, ३६ असा जवळजवळ एकाच जागी बसलाय, आणि एनएनटी मात्र १२ पासून ९४ पर्यंत हललाय. याचं कारण गोळीचं काम सगळीकडे साधारण सारखंच आहे, असलेल्या धोक्याचा एक ठरावीक हिस्सा ती कापते. मुळात धोका मोठा असेल तर कापलेला तुकडा मोठा, मुळात लहान असेल तर तुकडा लहान. म्हणून ज्याची अँजिओप्लास्टी झालीय त्याने काकांचा मेसेज वाचून गोळी बंद केली तर मला खरंच काळजी वाटते, कारण तो १ टक्का त्याच्यासाठी नव्हताच. आणि तिशीतल्या निरोगी मुलाने कोलेस्टेरॉल थोडं जास्त आलं म्हणून ३६ टक्क्यांच्या आशेने स्वतःच गोळी सुरू केली तर तीही तितकीच चुकीची समजूत.

मोजलं काय हेही बघत जा. अ‍ॅस्कॉटमध्ये ३६ टक्के हे अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून आहेत. सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू मोजले तर गोळीकडे १८५ आणि प्लासिबोकडे २१२, आणि एवढा फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो असं गणित सांगतं. त्यामुळे या ट्रायलवरून "आयुष्य वाढतं" असं कोणी म्हणत असेल तर ते जास्तीचं बोलणं आहे. शिवाय ही ट्रायल पाच वर्षं चालायची होती, पण फायदा लवकर दिसला म्हणून आधीच थांबवली. लवकर थांबवलेल्या ट्रायलमध्ये रिलेटिव्ह फायदा कधीकधी खऱ्यापेक्षा थोडा मोठा दिसतो, आणि वर्षं कमी असल्याने अ‍ॅब्सोल्यूट फायदा लहान दिसतो. दोन्ही बाजूंच्या लोकांना आपापल्या सोयीचं घ्यायला इथे जागा मिळाली.

आता बाबांचा हिशोब. यासाठी आधी गोळीशिवायचा त्यांचा दहा वर्षांचा धोका लागेल. त्याचे कॅल्क्युलेटर असतात, वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट, शुगर भरलं की येतो. इंग्लंडमध्ये वापरतात त्या क्यूरिस्कमध्ये भारतीय वंशाचा पर्याय आहे, डब्ल्यूएचओचे दक्षिण आशियासाठी वेगळे तक्ते आहेत. एक चूक खूप जण करतात, गोळी सुरू झाल्यानंतरचं कोलेस्टेरॉल भरतात आणि मग धोका कमी आला म्हणून गोळी नको म्हणतात. गोळीच्या आधीचा रिपोर्ट भरायचा.

तुम्ही रिपोर्ट दिलेले नाहीत म्हणून मी उदाहरणापुरते धरतो. समजा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४० होतं आणि धोका आला १२ टक्के, म्हणजे अशा १०० जणांतल्या १२ जणांना दहा वर्षांत अटॅक किंवा पॅरालिसिस. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० ने एलडीएल साधारण ३५ टक्के उतरतं, म्हणजे ५० पॉइंट. सगळ्या मोठ्या स्टॅटिन ट्रायल एकत्र करून ऑक्सफर्ड आणि सिडनीच्या गटाने काढलेला ढोबळ नियम असा आहे की एलडीएल ३९ पॉइंटने उतरलं की असे त्रास २२ टक्क्यांनी कमी होतात. ५० पॉइंटला ते जातं २८ टक्क्यांच्या आसपास. १२ चे २८ टक्के म्हणजे ३.४. तर बाबांचा धोका १२ वरून ८.६ वर येईल, आणि एनएनटी येईल ३०, दहा वर्षांसाठी. हाच धोका मुळात ४ टक्के असता तर एनएनटी ९० च्या आसपास आला असता, आणि २५ टक्के असता तर १४. आता "१०० पैकी ९९" आणि "३० पैकी एक" यात किती अंतर आहे ते बघा, आणि गोळी तीच आहे, १० एमजीची.

एक सावधगिरी. अ‍ॅस्कॉटमधले जवळजवळ सगळे गोरे होते. आपल्याकडे अटॅक लवकर येतो, इंटरहार्ट नावाच्या २००४ च्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ होतं आणि इतर देशांत ५९ च्या जवळ. त्यामुळे परदेशी कॅल्क्युलेटर आपल्या माणसांचा धोका कमी सांगायची शक्यता जास्त आहे. वडिलांना किंवा भावाला कमी वयात अटॅक आलेला असेल, तंबाखू चालू असेल, तर कॅल्क्युलेटरचा आकडा थोडा वर धरूनच बोलावं. आणि तंबाखू असेल तर ती सुटल्यावर मूळ १२ चाच आकडा खाली येतो, म्हणजे तो हिशोब गोळीच्या आधीचा आहे.

तोट्याचा हिशोबही याच मापाने करायचा, इथे लोक फार गफलत करतात. फायदा सांगताना रिलेटिव्ह आणि तोटा सांगताना अ‍ॅब्सोल्यूट वापरला की गोळी अमृत वाटते, उलटं केलं की विष. डायबेटिसचं घ्या. १३ ट्रायल एकत्र करून २०१० मध्ये काढलं की स्टॅटिनने नवा डायबेटिस होण्याचं प्रमाण ९ टक्क्यांनी वाढतं. ऐकायला भीती वाटते. तोच आकडा माणसांत मांडला तर २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली की एकाला जास्तीचा डायबेटिस होतो. याला नंबर नीडेड टू हार्म म्हणतात. हे प्रमाण ज्यांची शुगर आधीच बॉर्डरवर आहे त्यांच्यात जास्त दिसतं, म्हणून बाबांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचबीए१सी, एकदा करून ठेवा. आणि तुलना करताना हेही धरा की एक अटॅक आणि एक नव्याने निघालेली शुगर या एकाच वजनाच्या गोष्टी नाहीत. ते वजन बाबांनी ठरवायचं आहे, माझं किंवा काकांचं काम नाही ते.

अंगदुखीचं वेगळं सांगतो कारण गोळी सर्वात जास्त त्याच कारणाने बंद होते. २०२२ मध्ये प्लासिबो असलेल्या ट्रायल एकत्र बघितल्या तेव्हा स्नायू दुखतात असं म्हणणारे गोळीवाल्यांत २७.१ टक्के होते आणि प्लासिबोवाल्यांत २६.६ टक्के. म्हणजे दुखणं खरं असतं, पण बहुतेक वेळा ते गोळीमुळे नसतं, वयाने, कामाने, ड-जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, कशानेही असतं. जो थोडा फरक आहे तो मुख्यतः पहिल्या वर्षात दिसतो. काही ट्रायलमध्ये गोळी न मानवणारे लोक सुरुवातीलाच वगळले होते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा जास्त असू शकेल हेही मान्य. पण लघवी गडद चहासारखी होणं आणि मांड्या-दंड एकदम दुखून जोर जाणं, हे झालं तर वाट न बघता गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

तर बाबांना काय सांगाल? त्यांना ३६ टक्केही सांगू नका आणि १ टक्काही सांगू नका. त्यांच्या आकड्याने सांगा, की तुमच्यासारख्या १०० जणांत दहा वर्षांत गोळीशिवाय १२ जणांना त्रास होतो, गोळीने आठ-नऊ जणांना होतो, ८८ जणांना तसाही होत नाही, आणि आपण कुठल्यात आहोत ते कोणालाच माहीत नाही. हे ऐकून एखादा माणूस म्हणतो "तीनचार कमी होत असतील तर घेतो, एक गोळीच तर आहे", आणि एखादा म्हणतो "दहा वर्षं रोज गोळी, एवढ्यासाठी नको". अटॅक न आलेल्या आणि मध्यम धोक्याच्या माणसाच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं शहाण्या माणसाची असू शकतात, आणि दुसरं उत्तर दिलं तर मी ओपीडीत भांडत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलू म्हणतो. आधी अटॅक, स्टेंट, पॅरालिसिस झालेला असेल तर मात्र मी जोर लावून बोलतो, कारण तिथले आकडे वेगळे आहेत.

घ्यायची ठरली तर दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल परत करा. वरचा सगळा हिशोब एलडीएल ५० पॉइंटने उतरेल यावर उभा आहे. १४० चं १३० च झालं असेल, म्हणजे बहुतेक गोळ्या चुकतायत, तर बाबांचा एनएनटी ३० राहत नाही, तो १५० च्या आसपास जातो. अशा वेळी डोस वाढवायच्या आधी पाकिटात किती गोळ्या उरल्यात ते मोजून बघा.